पॅटर्नमेकरसाठी शर्टाचं फ्लॅट स्केच: बसण्याआधीची तयारी

फ्लॅट स्केच म्हणजे सपाट पसरलेल्या कपड्याचं मापात काढलेलं रेखाचित्र, आणि त्यावरून कापड कापायचे साचे काढतात ते पॅटर्नमेकर. माझ्या ओळखीच्या एक पॅटर्नमेकर समोर स्केच आलं की आधी पेन्सिलीचं टोक एका रेघेवर ठेवतात आणि विचारतात, "ही काय आहे? शिवण, घडी की दाबटीप?" तिन्हींपैकी एकही उत्तर पटकन देता आलं नाही, तर स्केच परत. त्यांच्यामुळे माझी तयारीची यादी लांबत गेली. इथे ती एका साध्या नमुन्यावर मांडते: पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मागे योक म्हणजे खांद्यावरचा वेगळा जोडलेला तुकडा, योकखाली मधोमध बॉक्स प्लेट म्हणजे दोन्ही बाजूंना दुमडलेली दुहेरी चुणी, छातीवर एक खिसा.

आधी आकडे. पेन्सिल हातात घेण्यापूर्वी शर्टाची तयार मापं कागदावर उतरलेली हवीत आणि प्रत्येक माप कुठून कुठे घेतलं तेही शेजारी लिहिलेलं हवं. "लांबी ७२" एवढ्याने भागत नाही. मागच्या गळ्याच्या मध्यापासून ७२ आणि गळ्यालगत खांदा जिथे सर्वांत उंच असतो तिथून ७२ हे दोन वेगळे शर्ट आहेत. मी उंच खांद्यापासूनचं माप धरते आणि तसं लिहिते. छाती मुंढ्याच्या २.५ सेंमी खाली, शर्ट सपाट पसरून, एका बाजूच्या शिवणीपासून दुसरीपर्यंत: ५४. म्हणजे पूर्ण घेर १०८. खांदा ४५, कफ धरून बाही ६०, कफाची उंची ६, पुढच्या बटणपट्टीची रुंदी ३, मागचा योक गळ्याच्या मध्याखाली ९. हाताशी नमुना शर्ट असेल तर तो टेबलावर पसरा, ओढू नका, तळव्याने हलकेच सपाट करा आणि मगच टेप लावा. हे सगळे आकडे शिवून झालेल्या शर्टाचे आहेत, त्यात शिवणीची माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडलेलं जादा कापड, धरलेली नाही, हे वाक्य पानाच्या वरच लिहून ठेवा. नाहीतर कुणीतरी माया दोनदा धरतं, किंवा धरतच नाही.

मग प्रमाण. या शर्टाला १:८ सोयीचं पडतं. लांबी ९ सेंमी, छाती ६.७५, खांदा साधारण ५.६, बाही ७.५ येते. बाह्या उभ्या रेषेपासून तीसेक अंशांवर बाहेर काढल्या तर पूर्ण रुंदी १३ सेंमीच्या आसपास राहते. उभ्या ए-फोर कागदावर वर पुढची बाजू, खाली मागची, आणि दोन्हीकडे सूचनांसाठी जवळपास चार-चार सेंमी जागा मिळते. बाह्या ताठ आडव्या काढल्या तर ही जागा संपते, आणि अंगाला चिकटवल्या तर बगलेखालची शिवण झाकली जाते. फॅशनच्या चित्रांतली लांब पायांची, निमुळत्या कमरेची आकृती खाली ठेवून फ्लॅट काढू नका. त्या आकृतीवर शर्ट लांब आणि अरुंद होतो आणि पॅटर्नमेकर आकड्यावर विश्वास ठेवावा की रेघेवर या पेचात पडतात. पटकन पडताळा घ्यायचा तर लांबीला छातीने भागा. ७२ भागिले ५४ म्हणजे १.३३. तुमच्या स्केचवर मोजून १.५ आलं, तर बाकीचं तपासायच्या आधी तेच दुरुस्त करा.

मधली उभी रेषा काढून अर्धा शर्ट काढा आणि आरशासारखा उलटवा, हे सगळ्यांना माहीत असतं. चूक होते ती जे उलटवायचं नाही त्यात. पुरुषांच्या शर्टात नेहमीच्या पद्धतीने घालणाऱ्याची डावी बाजू वर येते, आणि घालणाऱ्याची डावी म्हणजे बघणाऱ्याची उजवी. बटणं बरोबर मध्यरेषेवर बसतात, पण वरच्या पट्टीची कड मध्यरेषेवर येत नाही. ३ सेंमीची पट्टी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंमी पसरते, म्हणून तिची मोकळी कड बघणाऱ्याच्या डावीकडे सरकलेली दिसायला हवी. कड मध्यरेषेवर आणि बटणं तिच्या शेजारी काढली, तर वरच्या भागाला मध्यरेषेपलीकडे वाढावाच नाही असं ते स्केच सांगतं. कॉलरच्या स्टँडचं, म्हणजे कॉलरखालच्या उभ्या पट्टीचं, टोकही याच वाढाव्यापर्यंत जातं, मध्यरेषेपाशी थांबत नाही. खिसा घालणाऱ्याच्या डावीकडे, म्हणजे कागदावर उजवीकडे. मी अजूनही कागदाच्या कोपऱ्यात बारीक "घा. डावी" असं लिहून ठेवते, लाज नाही वाटत.

आता रेघा. माझ्याकडे चारच प्रकार असतात आणि त्यांचा खुलासा पानाच्या तळाशी असतो. बाहेरची कड जाड, साधारण १ पॉइंट. शिवण त्याच्या निम्मी, अखंड. दाबटीप, म्हणजे कापडावर वरून दिसणारी टीप, शिवणीहून बारीक आणि तुटक. घडी, म्हणजे जिथे कापड दुमडतं पण शिवत नाही, तिथे तुटक रेघ आणि टिंब आळीपाळीने. संगणकावर काढत असाल तर हे चार प्रकार आधीच करून ठेवा. काम रंगात आल्यावर नेमकी तीच शिस्त सुटते. सावल्या, सुरकुत्या, कापडाचा झोल यांना इथे जागा नाही, कारण सुरकुतीची रेघ आणि डार्टची, म्हणजे आकार देण्यासाठी शिवलेल्या चुणीची, रेघ कागदावर सारखीच दिसते. दाबटिपेला मात्र प्रमाण पाळता येत नाही. कॉलरच्या कडेपासून ६ मिमीवरची टीप १:८ मध्ये पाऊण मिमीवर येते, योकची २ मिमीची तर पाव मिमीवर, म्हणजे शिवणीच्या रेघेतच बुडते. ती डोळ्यांना वेगळी दिसेल इतक्या अंतरावर काढा आणि खरा आकडा सूचनेत द्या.

माझी आपटी इथेच झाली होती. योकखालची बॉक्स प्लेट दाखवायला मी दोन उभ्या, पाचेक सेंमीच्या रेघा ओढल्या. अखंड, शिवणीच्याच जाडीच्या. शेजारी लिहिलं, "मागे प्लेट". पॅटर्न आला, चाचणीचा शर्ट शिवून आला, आणि पाठीवर दोन बारीक, पाच सेंमीपर्यंत टीप मारून बंद केलेल्या चुण्या. घालणाऱ्याने हात पुढे केला की पाठ ताणत होती. दोष पॅटर्नमेकरचा नव्हता. खाली पक्की संपणारी अखंड रेघ म्हणजे शिवलेली रेघ, त्यांनी तेच वाचलं.

आता मी प्लेटच्या दोन्ही घड्या घडीच्याच रेघेने काढते, खाली जाताना विरळ करत सोडून देते आणि योकपाशी आतल्या कापडाची कड दाखवते. सूचनेत लिहिते: "बॉक्स प्लेट, दिसणारी रुंदी ४, घड्या बाहेरच्या बाजूंना, प्रत्येक घडीची खोली २, आत कडा मध्यरेषेवर भिडतात, फक्त योकच्या शिवणीत अडकवणे, खाली टीप नाही." खोली २ म्हणजे एका घडीत ४ सेंमी जादा कापड जातं आणि दोन घड्यांत ८. योकच्या शिवणीशी पाठीची तयार रुंदी ४४ असेल, तर पॅटर्नवर तिथे ५२ हवेत, आणि पाठ घडीवर अर्धी काढत असाल तर २२ ऐवजी २६. हे गणित पॅटर्नमेकर स्वतः करतात, पण मी ते करून बघते. नुसतं "प्लेट ४ सेंमी" लिहिलं असतं, तर ते चार दिसण्याचे की आत जाण्याचे, हे कुणालाच कळलं नसतं.

योकची आणखी एक खोच. तो खांद्यावरून पुढे ३ सेंमी उतरतो, म्हणजे खांद्याच्या कडेवर शिवणच नाही, कापड तिथे फक्त वळतं. पुढच्या चित्रात खांद्याची बाहेरची कड आणि तिच्या ३ सेंमी खाली योकची शिवण, दोन्ही हवीत आणि "खांद्यावर शिवण नाही" अशी सूचनाही. ही पुढची रेघ विसरलात तर पॅटर्नमेकर खांद्यावर शिवण धरतील आणि योक फक्त मागचा करतील. मग पुढचं आणि मागचं चित्र एकावर एक ठेवून बाहेरची कड जुळते का बघा. बाह्या, बाजू, तळ एकच असायला हवेत. फरक फक्त गळ्यापाशी चालतो.

सूचना लिहिताना प्रत्येक रेघ एकाच जागी नेऊन सोडा. शिवणीबद्दल असेल तर टोकाला बाण, तुकड्याबद्दल असेल तर तुकड्याच्या आत टिंब. सूचनांच्या रेघा एकमेकींना छेदू देऊ नका आणि दाबटिपेला समांतर नेऊ नका, नाहीतर त्याही टीप वाटतात. "थोडा गोल", "बारीक कड" हे शब्द खोडून आकडे घाला. काय, किती, कसं, या क्रमाने लिहिलं की पुरतं: "कफ, उंची ६, कडेपासून ६ मिमी दाबटीप." बाहीला कफापाशी असलेल्या चिरेची पट्टी या प्रमाणात दिसतच नाही, ती बाजूला १:२ मध्ये वेगळी काढा, वरचं टोक चौकोनी की त्रिकोणी ते दाखवा आणि चिरेची लांबी द्या. टिपांचा प्रकार आंतरराष्ट्रीय क्रमांकाने दिला की वाद उरत नाही. साधी लॉकस्टिच म्हणजे ३०१, साखळी टीप ४०१.

शेवटी छापून घ्या, पडद्यावर मोजू नका. छापताना "पानात बसवा" हा पर्याय बंद आहे का बघा, कारण त्याने १:८ चं १:८.३ होतं आणि सगळी मापं किंचित खोटी पडतात. पट्टीने लांबी मोजा: ९ सेंमी. मग तो कागद, शर्ट न पाहिलेल्या पण शिवणकाम जाणणाऱ्या माणसाला द्या आणि कापडाचे किती तुकडे कापावे लागतील ते मोजायला सांगा. माझ्या या शर्टात पुढचे दोन, मागचा एक, योक वरचा आणि आतला असे दोन, बाह्या दोन, कफ चार, कॉलर दोन, स्टँड दोन, खिसा एक, पुढची वेगळी जोडलेली पट्टी एक, आणि चिरेच्या मोठ्या-लहान मिळून चार. एकवीस. त्यांनी वीस म्हटलं तर बहुतेक पुढची पट्टी अंगच्याच कापडाची दुमडलेली वाटली, तिच्या शिवणीची रेघ घडीसारखी झाली असेल. एकोणीस म्हटलं तर आधी चिरेपाशी बघा. मोठी पट्टी दिसते, पण तिच्याखालची लहान पट्टी मी दोनदा काढायची विसरले आहे.