पंप आपोआप चालू-बंद होतोय? वर्कशॉपच्या पंपाला पीएलसी की मायक्रोकंट्रोलर: या चुका टाळा

हिंगणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये खालच्या टाकीतून छतावरच्या टाकीत पाणी चढवायला ३ एचपीचा थ्री-फेज मोनोब्लॉक आहे. मालकाच्या भाच्याने त्याला आर्डुइनो उनो आणि रिले मॉड्यूल लावलं. रिलेतून कॉन्टॅक्टरच्या २३० व्होल्ट कॉइलला सप्लाय जायचा. "भाऊ, टेबलावर दोन दिवस चालवून पाहिलं, काहीच झालं नाही. इथं टाकी भरली की पंप बंद होते अन् लगेच पुन्हा चालू होते," असं तो सांगत होता. खरंच दर चार-पाच सेकंदांनी कॉन्टॅक्टर खटखट करत होता आणि मिनिटभरात ओव्हरलोड रिले ट्रिप झाला. प्रत्येक स्टार्टला मोटर पाच-सहा पट करंट ओढते, तेव्हा तो ट्रिप होणारच.

अशा वेळी आधी प्रोग्रॅम उघडू नका. मेन सप्लाय बंद करून मोटरच्या तीन वायरी कॉन्टॅक्टरवरून काढल्या आणि पुन्हा चालवलं, तरी खटखट तशीच. मग कॉइलची वायर काढली. आता नुसता रिले एकदा बंद झाला आणि शांत राहिला. म्हणजे मोटर निर्दोष होती, दोष कॉइलचा होता. कॉइलचा सप्लाय तुटताना तिच्यात साठलेल्या ऊर्जेमुळे व्होल्टेजचा मोठा झटका बसतो. तो जवळच्या वायरींतून बोर्डापर्यंत पोचतो आणि कंट्रोलर रीसेट होतो. टेबलावर कॉइलच नव्हती, म्हणून तिथे सगळं बरोबर वाटलं.

पण रीसेट झाल्यावर पंप चालू का व्हावा? ती चूक प्रोग्रॅममध्ये होती. हे रिले मॉड्यूल पिन `LOW` झाली की ओढतं. भाच्याने आधी पिन आउटपुट केली, मग डिस्प्लेवर दोन सेकंद नाव दाखवलं आणि त्यानंतर पिन `HIGH` केली. ते दोन सेकंद पंप चालू. नंतर कॉन्टॅक्टर सुटला की पुन्हा झटका, पुन्हा रीसेट. क्रम असा हवा:

```
digitalWrite(PUMP, HIGH);
pinMode(PUMP, OUTPUT);
```

शिवाय कॉइलच्या ए१-ए२ वर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा आरसी स्नबर लावला. कपॅसिटर एसी मेनसाठीचा, एक्स२ जातीचाच घ्यावा. खटखट थांबली.

तरीही मी तिथे पीएलसीच बसवायला सांगितलं, आणि कारण टाकीतल्या फ्लोट स्विचच्या वायरीत होतं. छतापर्यंतची ती लांब वायर मोटरच्या केबलसोबत एकाच पाइपातून गेली होती. उनोची पिन ५ व्होल्टवर चालते आणि आतला पुलअप २० ते ५० किलो-ओहमचा, म्हणजे वायरीतून मिलिअँपचा दशांश ते जेमतेम पाव भाग वाहतो. एवढ्या नाजूक सिग्नलला शेजारच्या केबलचा गोंगाट सहज हलवतो. पीएलसीचा नेहमीचा २४ व्होल्ट इनपुट ५ व्होल्टच्या आत असेल तर शून्य धरतो, १५ च्या वर गेला तरच एक. त्यात काही मिलिअँप करंट आणि आतला फिल्टर. मायक्रोकंट्रोलरला हे सगळं बाहेरून जोडता येतं, पण जोडत गेलात की तुम्ही हाताने पीएलसीच बनवत असता. उलट पंप रोज किती तास चालला याची नोंद ठेवायची असेल, तर तो बोर्ड अगदी योग्य आहे. फक्त पंपाची कॉइल त्याच्या हाती देऊ नका.

पीएलसीतही एक चूक हमखास होते. स्टॉप बटन एनसी असतं, म्हणून लॅडरमध्येही एनसी कॉन्टॅक्ट काढला जातो. मग पंप फक्त स्टॉप दाबून धरल्यावरच सुरू होतो! बटन न दाबता इनपुट आधीच चालू असतो, म्हणून लॅडरमध्ये साधा एनओ कॉन्टॅक्ट हवा. दोन्ही फ्लोटही तसेच जोडा: खाली पाणी आहे तोवर कॉन्टॅक्ट जुळलेला, वर जागा आहे तोवर जुळलेला. कुठलीही वायर तुटली की पंप थांबतो.

```
   X0        X1     X2     X3      Y0
--+-| |-+---| |----| |----| |-----( )
  | Y0  |
  +-| |-+
X0 start, X1 stop, X2 sump, X3 tank
```

इथे `SET` वापरून टिकून राहणारा बिट ठेवू नका, नाहीतर लाइट गेली आणि आली की पंप न सांगता सुरू होईल. आणि ओव्हरलोडचा ९५-९६ कॉन्टॅक्ट प्रोग्रॅममध्ये न घेता थेट कॉइलच्या सिरीजमध्येच ठेवा, कंट्रोलर कुठलाही असो.

पॅनल टिनाच्या शेडला टेकवून लावू नका. बऱ्याच छोट्या पीएलसींची मर्यादा ५० ते ५५ अंश असते आणि नागपूरच्या मे महिन्यात बाहेरच ४५ होतात.

जोडणी झाली की पंप चालू असताना पीएलसीच्या टर्मिनलवरून वरच्या फ्लोटची २४ व्होल्टची वायर सोडवा. पंप थांबला पाहिजे. वायर परत लावा. स्टार्ट दाबेपर्यंत तो थांबलेलाच राहिला पाहिजे.