हातातली कामं कमी केली, तरी दिवस वाढले? या चुका टाळा

चोपड्याकडच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानाचं उदाहरण घेऊ. भिंतीवर बोर्ड आहे आणि त्यावर खोलली, वाइंडिंग, लेथ-बुश, जोडणी, टेस्ट असे रकाने आहेत. प्रत्येक सबमर्सिबल मोटरची एक चिठ्ठी. समजा १२ मोटरी खोललेल्या आहेत आणि रोज २ पूर्ण होतात, म्हणजे एक मोटर सरासरी ६ दिवस दुकानात अडकते. खोलल्यापासून टेस्ट होईपर्यंतचे हे दिवस म्हणजे सायकल टाइम. हातातली कामं भागिले रोज निघणारी कामं, हा हिशेब जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. काम येण्याजाण्याचा वेग साधारण स्थिर असेल, तर तो रिवाइंडिंगच्या दुकानालाही तितकाच लागू पडतो. ३ दिवसांवर यायचं असेल, तर एका वेळी ६ पेक्षा जास्त मोटरी खोलायच्या नाहीत. ही झाली वर्क इन प्रोग्रेसची मर्यादा.

मालक सोमवारी बोर्डावर ६ लिहितो आणि इथेच सगळ्यात महागडी चूक होते: तो पहिल्याच आठवड्याचा आकडा बघून निकाल देतो. आधीच १२ मोटरी खोललेल्या असल्यामुळे पहिले ३ दिवस नवीन मोटर खोलायचीच नाही, जुन्याच संपवायच्या. मग इतके दिवस कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या मोटरी बाहेर निघतात. त्यांचे दिवस वहीत ७, ८, ९, ११, १४, १७ असे उतरतात आणि सरासरी येते ११. कालपर्यंत ६ होती! मालक वैतागून मर्यादा पुसतो. खरं तर हे दिवस मर्यादेमुळे लागलेले नाहीत. जुनी उधारी या आठवड्यात वसूल झाली, एवढंच.

म्हणून वहीत पूर्ण झाल्याच्या तारखेसोबत खोलल्याची तारीखही हवी, आणि मर्यादेनंतर खोललेल्या मोटरी वेगळ्या मोजायला हव्यात. त्यातही एक फसगत आहे. नव्या मोटरींपैकी सोप्या आधी संपतात, त्यामुळे सुरुवातीला आकडा उगाच सुंदर दिसतो. मर्यादेनंतर खोललेल्या पहिल्या १० मोटरी घ्या आणि त्यातली शेवटची टेस्ट होईपर्यंत निष्कर्ष काढू नका. नुसत्या सरासरीवरही जाऊ नका. १० पैकी ९ किती दिवसांत निघाल्या तेही बघा. गिऱ्हाइकाला शब्द द्यायचा तो त्यावरच.

दुसरी चूक थोडी लबाडीची आहे. थ्रस्ट बेअरिंग जळगावहून यायचं आहे, म्हणून चिठ्ठी काढून ‘पार्ट येणार’ असं लिहिलेल्या फळीवर ठेवतात. बोर्डावर जागा झाली, लगेच दुसरी मोटर खोलली. बोर्ड ६ सांगतो आणि दुकानात ११ मोटरी उघड्या पडलेल्या असतात. ओळखायची रीत सोपी आहे: संध्याकाळी उघड्या मोटरी मोजा आणि चिठ्ठ्यांशी ताडून बघा. अडलेली चिठ्ठी रकान्यातच राहू द्या, तिला लाल खूण करा आणि दिवस मोजणं थांबवू नका. ६ पैकी ४ लाल झाल्या आणि कारागीर रिकामा बसला, तर दुखणं कुठे आहे ते कळलं. ५ आणि साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटरींना नेहमी लागणारे बुश आणि बेअरिंग दुकानात ठेवणं, हा त्यावरचा इलाज. मर्यादा ११ करणं हा नव्हे.

आकडा सुधारायला लागला की उलटा मोह होतो, की ६ ने फायदा झाला तर ३ ने आणखी होईल. सायकल टाइम खरंच २ दिवसांवर येतो, पण वहीचं दुसरं पान बघा: रोज २ ऐवजी दीडच मोटर निघते आहे. सगळ्यात वेळखाऊ काम वाइंडिंगचं, आणि वाइंडरच्या हाताशी पुढचा स्टेटर तयार नसल्यामुळे तो चहा पीत बसलेला असतो. दाराशी मात्र न खोललेल्या मोटरींची रांग वाढते. केळीला पाणी द्यायचं राहिलेला शेतकरी ४५ अंशांच्या उन्हात येऊन विचारतो, “भाऊ, मनी मोटर कव्हय भेटी?” तुमचे २ दिवस त्याच्या कामाचे नाहीत. तो मोटर टाकून गेला त्या दिवसापासून मोजतो.

तेव्हा दोन आकडे शेजारीशेजारी लिहा, लागलेले दिवस आणि रोज निघालेल्या मोटरी. शिवाय मोटर दुकानात आल्याची तारीखही चिठ्ठीवर हवी. मर्यादा एकेकानेच कमी करा. दिवस घटले आणि निघणाऱ्या मोटरी तेवढ्याच राहिल्या, तर आणखी एक कमी करून बघा. निघणाऱ्या घटल्या आणि वाइंडर रिकामा दिसला, तर एक पाऊल मागे या. एप्रिल-मेची गर्दी आणि पावसाळ्यातली मंदी यांचे आकडे मात्र एकमेकांशी ताडू नका. तिथे मोटरी येण्याचा वेगच बदललेला असतो.