डेटिंग ॲपमधून भेटी खरोखर होतात का, हे कसे मोजावे

दोघांनी एकमेकांना पसंत केले की मॅच होतो, आणि त्यासाठी बोट एकदा उजवीकडे सरकवण्यापलीकडे कोणाला काही करावे लागत नाही. शिफारशींच्या अटी थोड्या सैल केल्या की मॅचची संख्या आठवड्याभरात वाढते, पण त्यातून एकही माणूस दुसऱ्याला भेटलेला नसतो. पुण्यात अशा ॲपच्या आकडेवारीचे काम मी बरीच वर्षे करत आहे. ‘संदेश मोजा, किती जण टिकले ते मोजा, झाले’ हा सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे आणि त्यातून इतके चुकीचे निर्णय होताना पाहिले आहेत की, योग्य क्रम सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

पहिली पायरी संभाषणाची खोली मोजण्याची असून ती सोपी आहे. एकूण संदेश मोजू नयेत, पाळ्या मोजाव्यात. एकाने सलग पाठवलेले सहा संदेश ही एक पाळी, आणि समोरच्याने उत्तर दिले की दुसरी. उत्तर न मिळता पाठवलेले चाळीस संदेश म्हणजे संभाषण नव्हे, अनेकदा तो त्रास असतो. पाळ्या मोजण्यासाठी संदेश कोणी आणि केव्हा पाठवला एवढेच पुरते, मजकूर वाचावा लागत नाही, आणि तो वाचूही नये. सरासरीऐवजी मध्यक घ्यावा. स्त्रिया आणि पुरुष यांचे आकडे वेगळे ठेवावेत, कारण दोघांना येणाऱ्या संदेशांच्या संख्येत मोठा फरक असतो आणि एकत्रित आकडा कोणाचीच स्थिती सांगत नाही.

दुसरी पायरी प्रत्यक्ष भेटी मोजण्याची आहे, आणि मी सर्वाधिक चुका येथेच केल्या. भेट ॲपच्या बाहेर होते. फोन नंबर दिला गेला की पुढचे बोलणे दुसरीकडे जाते आणि आपल्या नोंदी संपतात. मोबाइलच्या ठिकाणावरून दोघे एकाच कॅफेत होते का हे ओळखण्याची कल्पना कोणीतरी हमखास मांडतो. ती ठामपणे नाकारावी. फर्ग्युसन रस्त्यावर शनिवारी संध्याकाळी शेकडो जण एकमेकांच्या जवळच असतात, त्यामुळे निष्कर्षही चुकतो. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाच असा आहे की, संमती ज्या हेतूसाठी घेतली त्याच हेतूसाठी माहिती वापरावी. सरळ मार्ग म्हणजे विचारणे. हिंज या ॲपने २०१८ मध्ये नंबरची देवाणघेवाण झालेल्यांना ‘भेटलात का आणि पुन्हा भेटायला आवडेल का’ असे विचारण्याची सोय आणली, आणि प्रश्नाचा हा साचा आजही मला सर्वांत उपयुक्त वाटतो. त्यात ‘भेट ठरली होती, पण झाली नाही’ हा तिसरा पर्याय अवश्य द्यावा, कारण तो नसेल तर असे लोक उत्तर न देताच निघून जातात.

प्रश्न केव्हा विचारावा, याबाबत माझी पहिली चूक झाली. नंबर दिल्यानंतर तीन दिवसांनी आम्ही विचारत होतो. सोमवारी जुळलेल्या दोघांपैकी एक हिंजवडीत आणि दुसरी खराडीत नोकरी करत असेल, तर कामाच्या दिवशी शहराची दोन टोके जोडणारा तो प्रवास कोणीही करत नाही. भेट शनिवार-रविवारीच ठरते. आम्ही गुरुवारी विचारत होतो, ‘नाही’ असे प्रामाणिक उत्तर घेत होतो आणि ते अपयश म्हणून नोंदवत होतो. आता मी मध्ये दोन शनिवार-रविवार जाऊ देतो आणि त्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळी विचारतो.

दुसरी चूक अधिक गंभीर होती, आणि ती मला उशिरा कळली. ती उत्तर न देणाऱ्यांबद्दल होती. हिशेब समजावा म्हणून सोपे आकडे घेऊ. समजा ४०० जोड्यांमध्ये नंबर दिले गेले आणि आपण प्रत्येक जोडीतील एकाला, चिठ्ठी टाकून निवडून, प्रश्न विचारला. त्यांपैकी १२० जणांनी उत्तर दिले आणि ८४ जणांनी ‘भेटलो’ असे सांगितले. कंपनीच्या बैठकीत ‘७० टक्के भेटी’ असा आकडा झळकतो. पण उरलेल्या २८० जणांचे काय? ज्याची भेट छान झाली तो आनंदाने उत्तर देतो. ज्याला समोरच्याने उत्तर देणेच थांबवले, किंवा जिला भेटीत अवघडल्यासारखे झाले, ती व्यक्ती सूचना पुसून टाकते. म्हणजे उत्तर देणे किंवा न देणे हेच भेटीच्या निकालावर अवलंबून असते, आणि असे असताना नमुना कितीही मोठा घेतला तरी चूक कमी होत नाही.

यावरचा उपाय जुना आहे. मॉरिस हॅन्सन आणि विल्यम हर्विट्झ या अमेरिकी जनगणना विभागातील संख्याशास्त्रज्ञांनी तो १९४६ मध्ये मांडला: उत्तर न देणाऱ्यांतून यादृच्छिक पद्धतीने थोडे लोक निवडावेत आणि तेवढ्यांकडून उत्तर मिळवण्यासाठी खरे कष्ट घ्यावेत. आपल्या उदाहरणात २८० पैकी ४० जण निवडले. संपर्काची संमती दिलेल्यांनाच फोन केला, प्रश्न एका मिनिटात संपवला, आणि नकार आला तर लगेच थांबलो. समजा सगळ्यांनी उत्तर दिले आणि १२ जण भेटलेले निघाले, म्हणजे ३० टक्के. २८० चे ३० टक्के ८४ होतात. आधीचे ८४ मिळवले की १६८ होतात, आणि ४०० पैकी १६८ म्हणजे ४२ टक्के. नमुना ४० जणांचाच असल्याने या आकड्याला दोन्ही बाजूंनी सुमारे १० टक्के अंकांची अनिश्चितता आहे आणि ती अहवालात लिहिलीच पाहिजे. फोनवरही उत्तर न देणारे काही जण उरतातच. त्यांतील एकही भेटला नाही असे धरून एक खालचा आकडा सोबत द्यावा. फोन शक्यतो अनुभवी स्त्रीने करावा आणि भेटीत असुरक्षित वाटल्याचे कोणी सांगितले तर आकडेवारी बाजूला ठेवून ती तक्रार त्याच क्षणी सुरक्षा पथकाकडे द्यावी.

तिसरी पायरी टिकून राहण्याची. येथे फक्त एक गोष्ट पाळावी: गेलेल्या माणसांची एकच रास करू नये. समजा एका आठवड्यात २०० जण आले आणि आठ आठवड्यांनी ६० उरले. गेलेल्या १४० पैकी २८ जणांनी भेटून ‘पुन्हा भेटायला आवडेल’ असे सांगितले होते, २२ जण भेटले पण पुढे जमले नाही, आणि ९० जणांचे एकही संभाषण चार पाळ्यांपलीकडे गेले नव्हते. पहिले २८ हे ॲपचे यश आहे, आणि काळजी ९० ची करायची आहे. सूचनांचा मारा वाढवल्यावर उरलेले ६० वरून ७५ झाले, पण २८ चे १८ झाले, तर ॲप बिघडले आहे, भले आलेखाची रेघ वर जात असो. हे वर्गही भेटीच्या त्याच उत्तरांवर उभे असल्याने ४० जणांची फेरतपासणी दर तिमाहीत करावी. वर्षाच्या मध्ये प्रश्नाची शब्दयोजना बदलू नये. बदलावीच लागली तर जुना आणि नवा प्रश्न महिनाभर निम्म्या-निम्म्या लोकांना विचारावा, म्हणजे शब्दांमुळे पडलेला फरक किती, हे वेगळे काढता येते.