दोन कॅप्शनची तुलना करताना या चुका टाळा

ठाण्यात राम मारुती रोडवर साड्यांचं एक दुकान आहे असं धरू या. इन्स्टाग्रामवर त्यांनी सेमी पैठणीचे मिळतेजुळते दोन फोटो टाकले. पहिल्याला साधं कॅप्शन: किंमत, रंग, दुकानाची वेळ. दुसऱ्याला प्रश्न: "पाडव्याला कोणती नेसणार, बांगडी मोर की मुनिया?" पहिली पोस्ट १,८४० जणांपर्यंत पोहोचली आणि तिच्यावर लाइक, कमेंट, सेव्ह, शेअर मिळून ९२ प्रतिसाद आले, म्हणजे एंगेजमेंट रेट ५ टक्के. दुसरी १,७९० जणांपर्यंत पोहोचली आणि तिला १११ प्रतिसाद मिळाले, म्हणजे ६.२ टक्के. पेज सांभाळणारी मुलगी मालकांना कळवते, "काका, प्रश्नवालं कॅप्शन चोवीस टक्के जास्त चाललं. आता सगळीकडे तेच टाकू या."

आकडेमोड बरोबर आहे, पण एवढ्यावर असा निर्णय घेता येत नाही.

पहिली चूक: फरक पाहायचा, पण त्याची डगमग मोजायची नाही

तीच पोस्ट, तेच कॅप्शन, फक्त दुसऱ्या १,८०० लोकांना दाखवली असती, तरी रेट नेमका ५ आला नसता. कधी ४.४ आला असता, कधी ५.६. दोन रेटमधल्या फरकातही ही डगमग असते, आणि ती शीटमध्ये एका ओळीत काढता येते:

```
=SQRT(0.05*0.95/1840 + 0.062*0.938/1790)
```

उत्तर येतं ०.००७६, म्हणजे पाऊण टक्क्याच्या जरा वर. याची साधारण दुप्पट, म्हणजे दीड टक्का, फरकाच्या दोन्ही बाजूंना धरायची. आपला फरक १.२ टक्क्यांचा आहे. म्हणून खरा फरक उणे ०.३ पासून अधिक २.७ पर्यंत कुठेही असू शकतो. या पट्ट्यात शून्य येतं, त्यामुळे प्रश्नवालं कॅप्शन सरस आहे असं या एका जोडीवरून म्हणता येणार नाही. ते सरस नाही, असंही सिद्ध झालेलं नाही. "चोवीस टक्के जास्त" ही भाषा मात्र सोडून द्यायला हवी. ५ वरून ६.२ ही वाढ टक्केवारीत भरघोस दिसते, प्रत्यक्षात ती वीसेक टिचक्यांची आहे.

दुसरी चूक: प्रतिसाद मोजायचे, माणसं नाही

वरचं गणित एक गोष्ट गृहीत धरतं: प्रत्येक प्रतिसाद वेगळ्या माणसाचा आहे. कमेंट उघडून बघा. प्रश्नवाल्या कॅप्शनमध्ये किंमत नव्हती, त्यामुळे खाली "प्राइस?", "किंमत सांगा ना" असं येत राहतं आणि दुकान प्रत्येकीला "ताई, डीएम केलंय" असं उत्तर देतं. दुकानाची ही उत्तरंही कमेंटच्या आकड्यात मोजली जातात. अशी १४ उत्तरं असतील, तर १११ मधून ती वजा करा. उरले ९७, रेट ५.४ टक्के. १.२ चा फरक ०.४ वर आला.

शिवाय जिने लाइक केलं, तिनेच सेव्ह केलं आणि तिनेच किंमत विचारली, तर ती एकटी तीन प्रतिसाद देऊन गेली. असे गठ्ठे जितके जास्त, तितकी खरी डगमग सूत्राच्या उत्तरापेक्षा मोठी. इनसाइट्समध्ये प्रतिसाद देणाऱ्या खात्यांची संख्या वेगळी दिसत असेल, तर तीच वापरा. नसेल, तर निदान स्वतःची उत्तरं वगळा.

लाइक, कमेंट, सेव्ह, शेअर असे चार आकडे वेगवेगळे पाहून ज्यात फरक दिसला तो पकडणं हीसुद्धा फसण्याचीच वाट आहे, कारण चारांपैकी एखाद्यात फरक योगायोगानेही दिसतो. काय मोजायचं ते पोस्ट टाकण्याआधी ठरवा आणि लिहून ठेवा.

तिसरी चूक: एका जोडीवरून कॅप्शनबद्दल बोलायचं

माझ्या मते ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे, कारण मोठ्या रीचनेही ती झाकली जात नाही. समजा फरक पट्ट्याबाहेर गेला, शून्य आत उरलं नाही. तरी सिद्ध एवढंच होतं की या दोन पोस्ट वेगळ्या चालल्या. कॅप्शनमुळेच वेगळ्या चालल्या, हे नाही. एक पोस्ट मंगळवारी संध्याकाळी सात वाजता गेली, लोक कल्याणच्या गाडीत मोबाइल काढून उभे असताना. दुसरी रविवारी दुपारी, मेगाब्लॉकच्या दिवशी. किंवा एक दिवाळी पहाटेला गेली, जेव्हा तलावपाळी आणि राम मारुती रोड तरुणांनी फुललेला असतो आणि प्रत्येकजण आपलेच फोटो टाकत असतो. एकीत साडी मोरपंखी होती, दुसरीत राणी रंगाची. १,८०० माणसं असली, तरी कॅप्शनची परीक्षा एकदाच झाली.

उपाय म्हणजे जोड्या लावणं. मिळत्याजुळत्या साडीच्या दोन पोस्ट, लागोपाठच्या दोन दिवशी, एकाच वेळी. कोणत्या पोस्टला कोणतं कॅप्शन जाईल ते नाणं उडवून ठरवा. "हा फोटो छान आहे, याला प्रश्न शोभेल" असं मनाने ठरवलंत, तर छान फोटोचं श्रेय कॅप्शनला जाईल. दोन्हींचे आकडे बरोबर ४८ तासांनी टिपा आणि जास्त रेट कुणाचा, एवढंच लिहा. अशा दहा जोड्या करा. आठवड्याला दोन जोड्या केल्या, तर पाच आठवडे लागतील.

दोन्ही कॅप्शन सारखीच असती, तर प्रत्येक जोडीचा निकाल नाणेफेकीसारखा लागला असता. मग दहापैकी किमान सात जोड्या कुठल्या तरी एका कॅप्शनने जिंकण्याची शक्यता ३४ टक्के असते. "सात-तीन" ऐकायला जोरदार वाटतं, पण निव्वळ योगायोगाने ते तीनातून एकदा घडतं. किमान आठची शक्यता ११ टक्के, किमान नऊची सुमारे २ टक्के. म्हणून नऊ किंवा दहा आले तरच फरक माना. आठ आले, तर आधीच्या निकालात भर घालण्याऐवजी आणखी दहा जोड्यांची नवी फेरी घ्या.

चौथी चूक: आवडता निकाल दिसताच थांबायचं

रोज आकडे पाहायचे आणि फरक मनासारखा दिसला की चाचणी बंद. मध्येच डोकावून थांबण्याची मुभा घेतली, तर चुकीचा विजेता निवडण्याची जोखीम वाढते. ५ टक्क्यांची जोखीम धरून आखलेली चाचणी सारख्या अंतराने पाच वेळा तपासली आणि पहिल्या होकाराला थांबवली, तर ती जोखीम सुमारे १४ टक्क्यांवर जाते. आकडे पाहायला हरकत नाही. पण किती जोड्या करायच्या ते आधी ठरवा आणि तिथेच थांबा.

रीच कमी असेल तर

५ आणि ६ टक्क्यांमधला खरा फरक असला, तर तो पाचपैकी चार वेळा सापडावा यासाठी प्रत्येक कॅप्शनला सुमारे ८,००० वेगवेगळी माणसं लागतात, तीही दोन गटांत सरमिसळ करून वाटलेली. साध्या पोस्टमध्ये ही वाटणी आपल्या हातात नसते. मेटाच्या जाहिरातींमध्ये ए/बी टेस्टची सोय आहे, तिथे प्रेक्षकांचे वेगळे गट पाडले जातात. फोटो, बजेट, वेळ सारखी ठेवून फक्त कॅप्शन बदला. जाहिरातीवर खर्च करायचा नसेल, तर इमोजी एक की दोन असले बारीक फरक तपासत बसू नका. १,८०० च्या रीचमध्ये ते दिसणारच नाहीत. किंमत लिहायची की नाही, मराठीत लिहायचं की इंग्रजीत, दोन ओळी की बारा, असे ठळक फरक आधी तपासा.