कर्जासोबत चिकटवलेला विमा मी कसा नाकारला

३० लाखांचं गृहकर्ज मागितलं होतं, मंजुरीपत्रावर रक्कम दिसली ३१ लाख २० हजार. वरचे १ लाख २० हजार म्हणजे कर्ज-सुरक्षा विम्याचा एकरकमी हप्ता, तोही कर्जातच मिसळलेला! साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांत तेवढ्याचेच साधारण अडीच लाख फेडावे लागले असते.

अधिकारी म्हणाले, "साहेब, हे कंपल्सरी आहे." मी आवाज न चढवता म्हटलं, "माझा टर्म इन्शुरन्स आहे, त्यामुळे हा नको. सक्तीचा असेल तर तसं ईमेलवर लिहून द्या, म्हणजे मी घरी विचार करतो." लिहून कोण देणार? घराचा आगीचा विमा बँक मागू शकते, पण तोही आपल्या पसंतीच्या कंपनीकडून घेता येतो.

त्याच संध्याकाळी मी शाखेला ईमेल केला: "मला विमा नको, सुधारित मंजुरीपत्र द्यावे." चौथ्या दिवशी ३० लाखांचं पत्र आलं. सह्या करताना गठ्ठ्यात विम्याचा प्रस्ताव-अर्ज पुन्हा निघाला, तो मी बाजूला काढून ठेवला. प्रत्येक पान वाचाच.

चुकून सही झालीच, तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती विमा कंपनीकडे लेखी रद्द करता येते. किरकोळ कपात होऊन पैसे परत मिळतात.