अनेक लेख वाचून स्वतःच्या शब्दांत कसे लिहावे

वाङ्मयचौर्य बहुधा लिहिताना नव्हे, तर टिपणे काढतानाच सुरू होते. लेखातील वाक्य घाईत वहीत उतरवले जाते, आठवड्याने ते आपलेच वाटू लागते आणि तसेच मजकुरात जाते. म्हणून जसेच्या तसे घेतलेले प्रत्येक वाक्य टिपतानाच अवतरणचिन्हांत ठेवावे व शेजारी लेखक, लेख आणि पृष्ठक्रमांक लिहावा.

टिपणे लेखागणिक न ठेवता प्रश्नागणिक ठेवावीत. 'बर्फ पाण्यावर का तरंगतो?' हा प्रश्न एका पानावर घेतला आणि चार लेखांतील उत्तरे त्याखाली मांडली, की कोणता लेख कारण सांगतो, कोणता आकडा देतो आणि कोण कोणाचेच पुन्हा सांगतो आहे, हे दिसू लागते. (तीन लेखांत एकच वाक्य आढळले, तर ते तीन पुरावे नसून बहुधा एकच असतो, त्याचे मूळ शोधून तेच वाचावे आणि त्याचाच संदर्भ द्यावा.)

समजा, एका लेखात असे वाक्य आहे: "पाणी गोठताना त्याचे रेणू षट्कोनी जाळीत बसतात, त्यामुळे त्यांच्यातील अंतर वाढते आणि बर्फ पाण्यापेक्षा हलका होऊन तरंगतो." त्याचे पुढील रूप पाहा: "पाणी गोठत असताना त्याचे रेणू षट्कोनी रचनेत मांडले जातात, परिणामी त्यांच्यामधील अंतर वाढते आणि बर्फ पाण्याहून हलका बनून तरंगू लागतो." शब्द बदलले, पण वाक्याचा सांगाडा आणि विचारांचा क्रम तोच राहिला. खाली संदर्भ दिला, तरी हे शब्दांतर ठरत नाही.

खरे शब्दांतर करण्यासाठी मूळ लेख बंद करावा आणि तो न वाचलेल्या माणसाला समजावून सांगावे तसे लिहावे: "बर्फाच्या आत मोकळी जागा अधिक असते. द्रवरूपात दाटीने असणारे रेणू गोठल्यावर षट्कोनी मांडणीत स्थिरावतात, आणि तेवढ्याच वजनाच्या बर्फाला पाण्यापेक्षा सुमारे ९ टक्के जास्त जागा लागते. म्हणूनच बर्फ तरंगतो." येथे कारण पहिल्या लेखातले आहे आणि आकडा दुसऱ्यातला, म्हणून दोन्ही लेखांचे संदर्भ आपापल्या जागी यावेत, परिच्छेदाच्या शेवटी एकच ढोबळ संदर्भ दिल्यास कोणती गोष्ट कोठून आली, हे वाचकाला कळत नाही. 'रेणू', 'षट्कोनी' यांसारख्या संज्ञा मात्र बदलू नयेत, कारण प्रतिशब्दाच्या हट्टापायी अर्थच सरकतो.

मग मूळ लेख पुन्हा उघडून दोन गोष्टी तपासाव्यात. संज्ञा वगळता सलग पाच-सहा शब्द जुळत असतील, तर ते वाक्य नव्याने लिहावे किंवा अवतरण म्हणून द्यावे. दुसरी तपासणी अर्थाची, आणि ती अनेकदा राहून जाते: मूळ लेखकाने 'सुमारे' किंवा 'बहुधा' म्हटले असताना आपण ठाम विधान तर केले नाही ना, हे पाहावे. लेख बंद करूनही वाक्य मूळच्याच वळणाने उतरत असेल, तर बहुतेक वेळा मुद्दाच पुरता समजलेला नसतो. अशा वेळी शब्दांशी झटापट न करता तो भाग पुन्हा वाचावा.