परक्या भाषेतला हवामान नकाशा: अक्षर नको, आकडे वाचा

प्रवासाआधी कुणीतरी हवामान नकाशाचा फोटो पाठवतं आणि त्यावरची अक्षरं परकी असतात. जास्त दाबाला जर्मनमध्ये H, तर फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये A लिहितात. कमी दाबासाठी जर्मन T, फ्रेंच D आणि स्पॅनिश B वापरतात. खरा चकवा रशियन नकाशात आहे. तिथलं Н दिसतं इंग्रजी H सारखं, पण त्याचा अर्थ नेमका उलटा, म्हणजे कमी दाब!

म्हणून अक्षर बाजूला ठेवून समदाब रेषांवरचे, म्हणजे हवेचा दाब सारखा असलेल्या जागा जोडणाऱ्या रेषांवरचे आकडे पाहा. समजा, बाहेरून आत जाताना 1010, 1005, 1000 असे आकडे उतरत गेले आणि मध्ये Н आहे. तर तो कमी दाबच, तिथे ढग आणि पावसाची शक्यता जास्त. फोटोत आकडे पुसट असतील तर झूम करून एकाच केंद्राभोवतीच्या दोन शेजारच्या रेषा तेवढ्या वाचा, दिशा कळायला तेवढं पुरतं. रेषा दाटीवाटीने असतील तिथे वारा जोराचा.

त्रिकोणांची रेषा म्हणजे शीत आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड; अर्धवर्तुळांची उष्ण. टोकं ज्या बाजूला, तिकडे आघाडी सरकते. हे भाषेवर अवलंबून नाही, रंग उडालेल्या फोटोतही चालतं.

कोपऱ्यातली वेळ मात्र कापली गेली असेल तर पूर्ण फोटो मागवा. ती बहुधा UTC मध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, आणि नकाशा कालचा निघाला तर बाकी वाचन फुकट.